चार्टर आणि प्लॅन: रकाने तेच, मग दोन कागद कशाला?

प्रश्न: मला ऑफिसात पहिल्यांदाच प्रोजेक्ट मॅनेजर केलंय. साहेब म्हणतात आधी प्रोजेक्ट चार्टर दे, मग प्रोजेक्ट प्लॅन दे. दोन्हींचे टेम्प्लेट उघडले तर उद्दिष्ट, स्कोप, बजेट, रिस्क असे निम्मे रकाने सारखेच. एकच मजकूर दोनदा चिकटवायचा का? नेमका फरक काय आणि कशात काय लिहायचं?

उत्तर:

फरक रकान्यांत शोधलात तर सापडणार नाही. तो खालच्या सहीत आहे. चार्टर हा पैसे आणि माणसं देणाऱ्याचा, म्हणजे स्पॉन्सरचा कागद. त्यात तो म्हणतो, की हे काम करायचं ठरलंय, या कारणासाठी ठरलंय, अमक्याच्या हाती दिलंय आणि त्याला इथपर्यंत मोकळीक आहे. प्लॅन हा मॅनेजरने आणि टीमने दिलेला जबाब. तुम्ही आखलेल्या चौकटीत काम आम्ही असं बसवतोय, अमुक माणूस अमुक आठवड्यात अमुक करेल आणि गाडी रुळावरून घसरली तर ती आम्हाला अशी कळेल, हे त्यात येतं.

पीएमआय या प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या पीएमबीओके मार्गदर्शिकेतली व्याख्याही हेच सांगते. चार्टर प्रोजेक्ट सुरू करणारा किंवा स्पॉन्सर जारी करतो, त्यामुळे प्रोजेक्टला अधिकृत अस्तित्व मिळतं आणि मॅनेजरला संस्थेची साधनं वापरायचा अधिकार मिळतो. प्लॅन सांगतो की काम पार कसं पाडायचं, त्यावर लक्ष आणि ताबा कसा ठेवायचा आणि ते बंद कसं करायचं. प्रोजेक्ट चालवायची प्रिन्स-टू ही ब्रिटिश पद्धत वापरणाऱ्या ठिकाणी तुम्हाला ‘प्रोजेक्ट ब्रीफ’ आणि ‘पीआयडी’, म्हणजे प्रोजेक्ट इनिशिएशन डॉक्युमेंटेशन, असे शब्द ऐकू येतील. त्यांची विभागणी थोडी वेगळी आहे, पण आधी परवानगी आणि मग मांडणी हा क्रम तिथेही तोच.

कुठली ओळ कुठल्या कागदात टाकायची असा प्रश्न पडला की मी स्वतःला एकच गोष्ट विचारतो: ही ओळ उद्या बदलायची झाली तर मला कुणाची परवानगी लागेल? स्पॉन्सरची लागत असेल तर ती चार्टरमध्ये. टीमबरोबर बसून मीच बदलू शकत असेन आणि फक्त कळवायचं असेल तर ती प्लॅनमध्ये. आणि काही ओळी दोन्हींत येतात, चार्टरमध्ये मर्यादा म्हणून आणि प्लॅनमध्ये त्या मर्यादेच्या आतला पक्का आकडा म्हणून. तुम्हाला दिसलेले सारखे रकाने हेच. रकान्याचं नाव एकच, पण आत लिहायची गोष्ट वेगळी.

चार्टर नसला तर काय होतं हे मी सुरुवातीच्या काळात अंगावर घेतलंय. ज्या कंपनीत होतो तिथे एका बैठकीत वरिष्ठांनी सगळ्यांसमोर सांगितलं, “हा प्रोजेक्ट आता हा बघेल, त्याला लागेल ते द्या.” मी खूश. लगेच कामाला लागून सुंदर प्लॅन केला, चारशे ओळींचा. सहाव्या आठवड्यात एका विभागप्रमुखांकडे ठरलेली दोन माणसं मागायला गेलो तर ते म्हणाले, “कुणी सांगितलं? माझ्याकडे काही लेखी नाही.” बैठक झाली होती, चहा झाला होता, लेखी खरंच काही नव्हतं. माझा प्लॅन त्यांच्या माणसांची नावं लिहून बसला होता, आणि ती नावं लिहायचा अधिकार मला कुणी दिला याचा पुरावा नव्हता. तीन आठवडे मेल्समध्ये गेले. तेव्हापासून मी प्लॅनचा पहिला आठवडा लिहायच्या आधी एका पानावर तरी सही घेतो.

आता एक प्रोजेक्ट उघडून दाखवतो, म्हणजे कशात काय येतं ते वेगळं समजवावं लागणार नाही. आकडे सोयीसाठी गोळाबेरीज केले आहेत, पैसे तर सरळ ‘मंजूर रक्कम १०० भाग’ असेच धरू.

एका उत्पादन कंपनीची तीन गोदामं. मालाची नोंद रजिस्टर आणि एक्सेल मिळून चाललेली. प्रत्यक्ष मोजणी केली की दर १०० वस्तूंमागे सुमारे ७ वस्तूंची नोंद आणि शिल्लक जुळत नसे. प्रत्येक मोजणीसाठी दोन दिवस माल पाठवणं बंद ठेवावं लागे. ठरलं असं, की तिन्ही गोदामांत बारकोड आणि हातातल्या स्कॅनरवर चालणारी नोंदपद्धत आणायची. स्पॉन्सर होते ऑपरेशन्सचे प्रमुख.

चार्टर झाला दीड पानाचा. मसुदा मीच लिहिला. मॅनेजरने मसुदा लिहिण्यात काही गैर नाही, बहुतेक ठिकाणी तसंच होतं, पण तो स्पॉन्सरच्या सहीने आणि स्पॉन्सरच्या मेलमधून बाहेर पडला पाहिजे. मी पाठवला असता तर तो माझा हट्ट ठरला असता. त्यातला गाभा असा होता:

> कारण: नोंद आणि प्रत्यक्ष शिल्लक यांत १०० मागे ७ वस्तूंची तफावत. मोजणीसाठी दर वेळी दोन दिवस माल पाठवणं बंद.
>
> साध्य: तिन्ही गोदामं २४ आठवड्यांत नव्या पद्धतीवर. त्यानंतर सलग दोन मासिक मोजण्यांत तफावत १०० मागे १ पेक्षा कमी. या मोजण्या गोदामप्रमुख करतील.
>
> आत: माल घेणं, जागेवर लावणं, पाठवणं.
>
> बाहेर: हिशेबाचं सॉफ्टवेअर, खरेदीच्या ऑर्डर्स, भाड्याचं चौथं गोदाम, पुरवठादारांनी लावायची लेबलं.
>
> रक्कम: कमाल १०० भाग. एका वेळी ५ भागांपर्यंतचा खर्च मॅनेजर स्वतः मंजूर करू शकेल.
>
> माणसं: अनुभवी दोन स्टोअरकीपर, अर्धा वेळ. आयटी विभागाचा एक जण, पूर्ण वेळ.
>
> मॅनेजरला नसलेला अधिकार: माल पाठवणं थांबवणं.
>
> गृहीत: गोदामांत वायफाय पुरेसं आहे. वस्तूंची यादी वापरण्याजोगी आहे.
>
> थांबण्याची अट: पहिल्या गोदामात सुरू केल्यावर चार आठवड्यांत तफावत ५ च्या खाली आली नाही, तर पुढच्या गोदामात जायचं नाही, स्पॉन्सरने पुन्हा निर्णय घ्यायचा.

यातल्या काही ओळींवर थांबायला हवं, कारण टेम्प्लेट भरताना नेमक्या याच गुळगुळीत होतात.

‘बाहेर’ ही ओळ मला ‘आत’पेक्षा महत्त्वाची वाटते. ‘आत’ वाचून प्रत्येकाला आपल्याला हवं ते दिसतं. हिशेब विभागाला वाटत होतं की नवी पद्धत त्यांच्या सॉफ्टवेअरला जोडून मिळणार आहे. हे कळलं ते ‘बाहेर’ची ओळ त्यांनी वाचली तेव्हा, आणि वाद झाला तो पहिल्या आठवड्यात, एका खोलीत, अर्ध्या तासात. तोच वाद विसाव्या आठवड्यात झाला असता तर प्रोजेक्टला खिंडार पडलं असतं. ‘बाहेर’च्या यादीत कुणीच न मागितलेल्या गोष्टी भरू नका. कुणीतरी गृहीत धरलंय अशी शंका असलेल्या गोष्टीच लिहा.

अधिकाराची ओळ आकड्यात हवी. ‘मॅनेजरला आवश्यक ते सर्व अधिकार राहतील’ हे वाक्य दिसायला भरघोस आणि वापरायला शून्य. पाच भागांपर्यंतचा खर्च स्वतः, दोन माणसं अर्धा वेळ, माल पाठवणं थांबवता येणार नाही: असं लिहिलं की विभागप्रमुखाला दाखवता येतं. नसलेला अधिकारही लिहिलेला बरा. माल पाठवणं थांबवता येणार नाही हे आधीच माहीत असल्यामुळे पुढे प्लॅनमध्ये प्रत्येक गोदामाचं बदलणं आम्ही सुट्टीच्या दिवशी धरलं.

साध्याच्या ओळीत पहिल्या मसुद्यात माझीच चूक होती. मी लिहिलं होतं, ‘२४ आठवड्यांत तफावत १ च्या खाली, सलग दोन मोजण्यांत’. मोजण्या मासिक. म्हणजे शेवटचं गोदाम सोळाव्या आठवड्याच्या आसपास सुरू झालं असतं तरच ते शक्य होतं, आणि तसं होणार नव्हतं. काम संपणं आणि फायदा दिसणं या वेगळ्या तारखा असतात. म्हणून ओळ मोडून दोन केल्या, आणि नंतरच्या मोजण्या कोण करणार तेही लिहिलं, कारण तोवर टीम पांगलेली असते.

चार्टरमध्ये काय नव्हतं तेही पाहा. कुठलं गोदाम आधी हे नव्हतं. कोणत्या कंपनीचा स्कॅनर हे नव्हतं. आठवडावार तारखा नव्हत्या, बैठका कधी हे नव्हतं, आणि दोन स्टोअरकीपर कोण हेही नव्हतं. यातलं काहीही बदललं असतं तरी स्पॉन्सरची झोप उडाली नसती. चार्टर चाळीस पानांचा करणारे लोक मी पाहिलेत. त्यात काम सुरू व्हायच्या आधीच आठवडावार तारखा असतात, दुसऱ्याच महिन्यात त्या खोट्या ठरतात, आणि मग सगळा कागदच कुणी मनावर घेत नाही. खऱ्या राहिलेल्या ओळीही त्या तारखांबरोबर वाहून जातात.

आता प्लॅन. पहिली गोष्ट: एमएस प्रोजेक्टमधला गँट चार्ट म्हणजे प्लॅन नव्हे. तो प्लॅनचा एक तुकडा, वेळापत्रक. साहेबांनी ‘प्लॅन दे’ म्हटल्यावर फक्त तो पाठवलात तर पुढचे प्रश्न येणारच: पैसे कधी किती लागणार, काम पूर्ण झालं असं कोण म्हणणार, कुणी नवीन काही मागितलं तर काय. प्लॅनमध्ये किमान तीन पक्के पाये असतात, ज्यांना बेसलाइन म्हणतात: कामाचा, वेळेचा आणि खर्चाचा. त्यांच्याशी तुलना करूनच पुढे आहोत की मागे हे ठरतं. त्याभोवती मग दर्जा कसा तपासणार, रिस्क कोण सांभाळणार, कुणाला काय कधी कळवणार, खरेदी कशी आणि बदलाची मागणी आली तर ती कोणत्या वाटेने जाणार, हे येतं. लहान प्रोजेक्टमध्ये यातला प्रत्येक भाग दोन परिच्छेदांचा असला तरी चालतो. बदलाची वाट मात्र गाळू नका.

सुरुवात कामाच्या फोडीपासून करा, तारखांपासून नको. शेवटी हातात काय काय यायला हवं ते लिहायचं आणि ते फोडत जायचं: साफ केलेली वस्तूंची यादी, लेबल लावलेले रॅक, चालू स्कॅनर, शिकलेले कर्मचारी, बदललेलं गोदाम क्रमांक एक, दोन, तीन. फोड करताना नाम लिहा, क्रियापद नको. ‘यादीवर काम करणे’ हे कधी संपलं ते सांगता येत नाही, ‘तपासून सही झालेली यादी’ हे सांगता येतं. फोड पूर्ण झाल्याची खूण अशी, की हे सगळे तुकडे हातात आले तर चार्टरमधलं ‘आत’ पूर्ण होतं आणि एकही तुकडा ‘बाहेर’मधला नाही. आमच्या फोडीत आयटीच्या माणसाने ‘हिशेबाच्या सॉफ्टवेअरसाठी फाइल’ असा तुकडा भाबडेपणाने घातला होता. चार्टर शेजारी ठेवून तपासलं म्हणून तो सापडला.

आणि इथे तुमच्या प्रश्नाच्या मुळाशी असलेली गोष्ट येते. चार्टरमधली गृहीतं प्लॅनमध्ये तशीच उतरवायची नसतात. तिथे त्यांची कामं व्हायला हवीत: कोण तपासणार, कधी, आणि खोटी निघाली तर काय. चार्टर म्हणतो ‘वायफाय पुरेसं आहे’. प्लॅन म्हणतो, पहिल्या आठवड्यात आयटीचा माणूस तिन्ही गोदामांत प्रत्येक रॅकजवळ नमुन्याचा स्कॅनर घेऊन चालेल, जिथे नोंद जात नाही तिथे खडूने खूण करेल. चार्टर म्हणतो ‘यादी वापरण्याजोगी आहे’. प्लॅन म्हणतो, तीन दिवस एक स्टोअरकीपर यादीतल्या ओळी साफ करून पाहील आणि दिवसाला किती होतात ते मोजेल.

वायफाय दोन कोपरे सोडून ठीक निघालं. यादी नाही.

यादीत ११,४०० ओळी होत्या. ‘बोल्ट ६ मिमी’, ‘६ मिमीचा बोल्ट’ आणि ‘बोल्ट एम६’ या तीन वेगळ्या वस्तू, रॅकवर मात्र डबा एकच. काहींचं एकक एका ठिकाणी डझन, दुसऱ्या ठिकाणी नग. अशी प्रत्येक ओळ उघडायची, रॅकवर जाऊन पाहायची, जोडी असेल तर एक करायची, एकक ठरवायचं. तीन दिवसांत अनुक्रमे ५८, ६४ आणि ५७ ओळी झाल्या. दिवसाला साधारण ६० धरू. ११,४०० ला ६० ने भागा: १९० मनुष्यदिवस. चार्टरने दिलेले दोन स्टोअरकीपर अर्धा वेळ, म्हणजे रोज एक मनुष्यदिवस. आठवड्याचे पाच दिवस धरले तर नुसत्या यादीला ३८ आठवडे. आणि सगळा प्रोजेक्ट २४ आठवड्यांचा!

या ठिकाणी नवा मॅनेजर काय करतो ते मी कितीदा पाहिलंय, एकदा केलंही आहे. तो प्लॅनमध्ये ६० चे १५० करतो. ‘सरावाने वेग वाढेल’ असं शेजारी लिहितो. गँट चार्ट चोवीस आठवड्यांत सुबक बसतो, सगळे टाळ्या वाजवतात, आणि चौदाव्या आठवड्यात बिंग फुटतं. असा प्लॅन ओळखायचा असेल तर तारखा कोणत्या दिशेने लिहिल्यात ते विचारा. शेवटची तारीख आधी ठेवून मागे मागे भरत आलेल्या प्लॅनमध्ये प्रत्येक काम बरोबर पुढच्याला चिकटलेलं असतं, कुठेही श्वास नसतो, आणि प्रत्येक कालावधी एक किंवा दोन आठवड्यांच्या गोल आकड्यात असतो. त्यातल्या कुठल्याही कामाबद्दल ‘हा आकडा कुठून आला?’ विचारलं की समोरचा माणूस दुसरीकडे बघतो.

बरोबर वाट ही, की प्लॅन चार्टरच्या चौकटीत बसत नाही हे लेखी घेऊन स्पॉन्सरकडे परत जायचं. रिकाम्या हाताने नाही, पर्याय घेऊन. आम्ही तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी तीन ठेवले. एक, मुदत वाढवा. दोन, साफसफाईला चार माणसं पूर्ण वेळ द्या, म्हणजे ती साधारण दहा आठवड्यांत आटपेल. तीन, यादीतल्या फक्त चालत्या वस्तू साफ करू. मागच्या दोन वर्षांत एकदा तरी हललेल्या वस्तू निघाल्या ४,२००. त्यांना ७० मनुष्यदिवस. अर्धा वेळवाल्या दोघांकडून ते १४ आठवड्यांचं काम, तरीही मुदतीबाहेर जाणारं, पण दोघं पूर्ण वेळ मिळाले तर ७ आठवड्यांचं. उरलेल्या ७,२०० ओळी पद्धतीत बंद ठेवायच्या, एखादी हलवायची वेळ आली तर त्या क्षणी साफ करून उघडायची.

स्पॉन्सरनी तिसरा पर्याय घेतला, दोघांना सात आठवडे पूर्ण वेळ देऊन. हे मी स्वतः का ठरवलं नाही? कारण त्याने साध्याचा अर्थ बदलत होता. १०० मागे १ ही तफावत आता सगळ्या वस्तूंवर नव्हे, चालत्या वस्तूंवर मोजली जाणार होती. यशाची व्याख्या बदलणारा निर्णय प्लॅनच्या आवृत्तीत गुपचूप करता येत नाही. चार्टरची दुसरी आवृत्ती निघाली, तीन ओळी बदललेल्या, खाली नवी सही आणि तारीख. गोदामप्रमुखांनी ती वाचली आणि विचारलं, “म्हणजे जुना पडून असलेला माल कुणाच्या हिशेबात?” त्याचं उत्तर तिथेच ठरलं: वर्षातून एकदा, नेहमीसारखा, हाताने मोजायचा.

चार्टर बदलत नाही, दगडावरची रेघ असते, असं काही प्रशिक्षणांत सांगतात. ते मला पटत नाही. तो क्वचित बदलावा आणि सहीनेच बदलावा, एवढंच. प्लॅन मात्र सतत हलतो, पण तोही मोकाट नाही. रोजची कामं हलवा, बेसलाइन हलवायची तर बदलाच्या ठरलेल्या वाटेने या.

मग प्लॅनचं वेळापत्रक असं बसलं. पहिले तीन आठवडे पाहणी आणि चाचणी. चौथ्या ते दहाव्या आठवड्यात यादीची सफाई. स्कॅनर यायला आठ आठवडे लागणार म्हणून त्यांची ऑर्डर दुसऱ्याच आठवड्यात, म्हणजे ते दहाव्यात हाती. अकरा-बारा चाचणी. तेरा ते पंधरा सगळ्यात लहान गोदाम. सोळावा आठवडा मुद्दाम रिकामा, लहान गोदामात काय बिघडलं ते पाहून दुरुस्त करायला. सतरा-अठरा दुसरं, एकोणीस ते एकवीस सगळ्यात मोठं. शेवटचे तीन आठवडे राखीव. कुणीतरी विचारलंच, की चार्टरमधली थांबण्याची अट चार आठवड्यांची आणि दुसरं गोदाम दोनच आठवड्यांत कसं सुरू करता? प्रश्न रास्त होता. लहान गोदाम तेराव्या आठवड्याच्या सुरुवातीलाच नव्या पद्धतीवर जाणार होतं, पुढचे दोन आठवडे शेजारी बसून मदत करायचे. चार आठवडे सोळाव्याच्या शेवटी भरत होते, त्यामुळे रिकामा आठवडा हाच निर्णयाचा आठवडा ठरला. चार्टरची एखादी अट प्लॅनमध्ये कुठल्या तारखेला उभी आहे हे बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे. नाही दाखवता आलं तर ती अट कागदावरच राहणार.

पैशांचंही तसंच. चार्टरच्या वेळी अंदाज ढोबळ असतो. पीएमबीओकेमध्ये ढोबळ अंदाजासाठी उणे २५ ते अधिक ७५ टक्के अशी रुंद पट्टी उदाहरण म्हणून दिली आहे, पक्क्या अंदाजासाठी उणे ५ ते अधिक १०. म्हणून चार्टरमध्ये कमाल मर्यादा लिहावी, तपशिलात जाऊ नये. प्लॅनमध्ये तुकड्यातुकड्याचा खर्च जोडत आलो तेव्हा ८२ भाग झाले. माहीत असलेल्या रिस्कसाठी ८ भाग राखीव, ते माझ्या हातात. झाले ९०, ही खर्चाची बेसलाइन. उरलेले १० स्पॉन्सरच्या हातात, न सुचलेल्या गोष्टींसाठी. स्टोअरकीपरच्या जागी सात आठवडे बदली माणसं घ्यावी लागली, त्यांचे ४ भाग या दहातून आले, अर्थातच विचारून. दोन्ही राखीव रकमा एकाच ओळीत टाकल्या तर कुणी कशासाठी कधी खर्च केलं हे शेवटी कुणालाच सांगता येत नाही.

रिस्कच्या रकान्याबद्दलही तुम्हाला पडलाय तोच प्रश्न पुष्कळांना पडतो. चार्टरमध्ये तीन-चारच लिहा, ज्या वाचून स्पॉन्सर कदाचित ‘मग नको करूया’ म्हणेल अशा. प्लॅनमधली यादी लांब असेल, प्रत्येकीपुढे माणसाचं नाव, सुरू झाल्याची खूण आणि मग करायची गोष्ट असेल, आणि ती दर आठवड्याला उघडली जाईल. स्कॅनर उशिरा येण्याची खूण आम्ही लिहिली होती ‘सातव्या आठवड्यापर्यंत पाठवल्याचा कागद आला नाही तर’. असं काही लिहिलेलं नसेल तर ती नुसती चिंता आहे.

काम लहान असेल तर दोन्ही कागद मिळून तीन पानं झाली तरी हरकत नाही, एकाच फाइलमध्ये असले तरीही. फक्त सहीची रेघ दोन्हींच्या मधे येऊ द्या, शेवटी नको, म्हणजे वरचं स्पॉन्सरचं आणि खालचं तुमचं हे दिसत राहील. स्क्रममध्ये, म्हणजे स्प्रिंट नावाच्या काही आठवड्यांच्या छोट्या टप्प्यांत, काम करणाऱ्या टीम ‘आम्हाला हे लागत नाही’ म्हणतात. त्यांचा प्लॅन स्प्रिंटगणिक पुढे सरकतो आणि तो तसाच असावा, पण पैसे कुणी दिले, कशासाठी दिले आणि कधी थांबायचं, हे त्यांनाही कुठेतरी लिहून ठेवावं लागतं. बाहेरच्या कंपनीशी करार असेल तर करारालाच चार्टर समजू नका. करार तुमच्यात आणि त्यांच्यात असतो, तुमच्याच घरातल्या विभागप्रमुखाकडून माणूस मागायला तो उपयोगी पडत नाही.

त्या गोदामांचं पुढे काय झालं? शेवटचं गोदाम तेविसाव्या आठवड्यात पुरं झालं, राखीव तीनपैकी दोन आठवडे खाऊन. काम बंद करायच्या बैठकीला मी प्लॅन नेला होता, कुठलं काम किती उशिरा झालं त्याच्या तक्त्यासकट. तो कुणी मागितला नाही. स्पॉन्सरनी चार्टरची दुसरी आवृत्ती टेबलावर ठेवली आणि साध्याच्या ओळींवर पेनाने एकेक करत खूण केली. मोजणीच्या ओळीवर पेन थांबलं. पहिल्या महिन्यात तफावत १०० मागे १.६ आली होती. दुसऱ्यात ०.९, पण अट सलग दोनची होती. ती ओळ त्यांनी रिकामी ठेवली आणि समोर गोदामप्रमुखांचं नाव लिहिलं. तिसऱ्या महिन्यात ०.८ आली, तेव्हा तिथे खूण झाली.